साधी गोळी

चौतीस वर्षं मी औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे. दुकान माझं, परवाना माझ्या नावावर आणि तोंडही माझंच. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की या बाईच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, पण औषध चुकायचं नाही. दुसरं वाक्य मी बरीच वर्षं अभिमानाने ऐकून घेतलं.

काउंटरवर उजव्या हाताला एक पत्र्याचा डबा असतो. बिस्किटांचा जुना, झाकण हरवलेला. त्यात पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपा आणि शेजारी कात्री. माणूस येतो, म्हणतो, "ताई, साधी द्या दोन." मी मान वर न करता कात्री चालवते, दोन गोळ्या कापून पुढे सरकवते. ना चिठ्ठी, ना वहीत नोंद. कापलेल्या तुकड्यावर गोळीचं नाव राहीलच असं नाही, आणि नाव कुणी विचारतही नाही. लाल ती अंगदुखीची, पिवळी सर्दीची आणि पांढरी ती साधी. साधी हा शब्द कुणी काढला माहीत नाही. पण तो पक्का कुणी केला, ते माहीत आहे. मीच केला.

माझा भाऊ घरांना रंग द्यायचा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. तेव्हापासून त्याचे डबे मी भरले, कानही मीच पिळले. त्याचा हात इतका स्थिर की छताची आणि भिंतीची रेघ तो टेप न लावता ओढायचा. बोलायला मिठ्ठास. कुणाच्याही घरी चार दिवस काम केलं की पाचव्या दिवशी तिथली म्हातारी माणसं त्याला जेवून जायचा आग्रह करायची. लग्न केलं नाही. "भिंतींशीच जमतं आपलं, त्या उलट बोलत नाहीत," म्हणायचा. आणि प्यायचा. आधी काम संपल्याच्या दिवशी, मग सुट्टीच्या दिवशी, मग संध्याकाळी आणि मग संध्याकाळ त्याच्या सोयीने लवकर व्हायला लागली.

सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा धरला. शिडीवर हात वर करून आयुष्य काढलं की धरणारच. त्याने कुठल्या तरी दुकानातून, माझ्या नव्हे, लाल गोळ्या आणल्या आणि रोज दारूवर त्या खाल्ल्या. तिसऱ्या आठवड्यात रक्ताची उलटी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही लाल गोळी आणि दारू म्हणजे पोटात जखम. यांना पुन्हा कधी देऊ नका. दुखलंच तर पॅरासिटामॉल, पण रोज पिणाऱ्याला तीही हात राखून. दिवसाला चारच्या वर नाही, तीही दोन-चार दिवसच. आणि पिणं बंद व्हायला हवं, ते वेगळं सांगायला नको."

त्याच वेळी पोटाची सोनोग्राफी झाली होती. लिव्हरवर चरबी चढली आहे असं त्यात आलं. डॉक्टर म्हणाले, ही पहिली पायरी आहे, आत्ता सोडली तर काही आठवड्यांत उतरते. लिव्हरसारखा माफ करणारा अवयव नाही.

भाऊ हसला. म्हणाला, "बघ ताई, अंगावर कुठे चढत नाही ती चरबी तिथे जाऊन बसलीय. कुठेतरी तरी आपलं बरं चाललंय."

मीही हसले. आणि घरी येताना त्याला डॉक्टरांचं बोलणं माझ्या भाषेत सांगितलं. "ती लाल घ्यायची नाही. दुखलं तर साधी घे. साधीने काही होत नाही."

एवढंच. चार गोळ्या, दोन-चार दिवस, हात राखून, हे सगळं मी गिळलं. मुद्दाम नाही. मला वाटलं, आधीच एवढं सांगून झालंय, त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहणार आहे, तर लाल नको एवढी राहू दे. ती राहिली. त्याने लाल गोळीला परत हात लावला नाही. भाऊ माझा शब्द पाळायचा, फक्त दारूचा सोडून.

मग साधीच सुरू झाली. सकाळी डोकं जड म्हणून दोन. संध्याकाळी खांद्यासाठी दोन, आणि त्या बरेचदा ग्लासाबरोबरच. कधी झोपताना आणखी एक, "उद्याच्या डोकेदुखीची आगाऊ सोय." रंगाच्या पिशवीत ब्रश, पॉलिश पेपर, पुट्टीची पत्री आणि एक स्ट्रिप कायम. मी दारूवरून त्याला इतकं बोलले की माझीच जीभ दुखली. गोळ्यांवरून एका अक्षराने बोलले नाही. उलट संपल्या की मीच द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी पाय सुजले म्हणून पुन्हा तपासण्या केल्या. लिव्हर आता कडक झालं होतं. डॉक्टरांनी समजावलं: चरबी, मग सूज, मग सुजेच्या जागी वण. वणाची जागा मोठी होत जाते. ती ना रक्त गाळते, ना काही बनवते. आणि या सगळ्या वर्षांत ते दुखत मात्र नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

"म्हणजे पुट्टी," भाऊ म्हणाला. "भिंतीला खड्डा पडला की आपण पुट्टी भरतो. वरून सपाट दिसतं, पण तिथे खिळा ठोकला तर धरत नाही."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगदी हेच. आता उरलेली भिंत सांभाळा."

त्याने महिनाभर सांभाळली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. मी त्याला बजावलं होतं, येणार असशील तर शुद्धीत ये. तो आला, गोड बोलला, सगळ्यांना हसवलं आणि जेवण अर्धं झालेलं असताना मुलीच्या सासऱ्यांच्या बुटांवर ओकला. मी सगळ्यांसमोर त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "सोडल्याशिवाय माझ्या घराची पायरी चढू नकोस," म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी जे बोलले ते ठरवून बोलले. आमचे हे म्हणाले, "अगं, सावकाश." मी त्यांनाही गप्प केलं.

त्यानंतर तो घरी आला नाही. दुकानात यायचा. "घराची पायरी म्हणालीस, दुकानाला पायरीच नाही," असं एकदा म्हणाला. मी हसू दाबलं आणि कात्री उचलली.

आता त्या दिवसाचं सांगते.

सोमवार होता, सकाळी अकराची वेळ, दुकानात गर्दी. दोघंजण चिठ्ठ्या घेऊन उभे, एक बाई बाळाच्या औषधाचं माप विचारत होती. बाजूने आवाज आला, "ताई, अंग फार दुखतंय. साधी दे ना."

मी मान वर केली नाही. पण काउंटरच्या काचेवर त्याचा हात दिसला. थरथरत होता. ज्या हाताने टेप न लावता रेघ ओढली, तो हात काचेवर टकटक वाजत होता. माझ्या मनात आलं, सकाळी अकराला हा टाकून आलाय. डोक्यात सणक गेली. एक स्ट्रिप द्यायची तिथे मी तीन काढल्या आणि त्याच्यापुढे आपटल्या.

"घे. आणि सारखा सारखा येऊ नकोस."

"ताई, तुला एक सांगायचं होतं..."

"गर्दी दिसत नाही का तुला? नंतर."

"बरं, नंतर," तो म्हणाला, आणि गेला.

त्याच्या अंगाला वास येत नव्हता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. इतक्या वर्षांत तो समोर उभा राहिला आणि दारूचा वास आला नाही असं झालं नव्हतं. नाकाला कळलं असणार, पण रागाने नाकही बंद होतं. हात थरथरत होता तो प्यायल्यामुळे नाही, न प्यायल्यामुळे.

शुक्रवारी दुपारी त्याच्या खोलीच्या मालकीणबाईंचा फोन आला. "तुमचा भाऊ दोन दिवस कामावर गेला नाही. आज दार उघडलं तर नुसता पडलाय, उलट्या करतोय, डोळे पिवळे दिसतायत. या लवकर."

मी आणि आमचे हे रिक्षाने गेलो आणि त्याला तसंच मोठ्या दवाखान्यात नेलं. तो बोलत होता, पण संथ. तिथे दाखल करताना एक फॉर्म दिला. नाव, वय, आजार, ॲलर्जी. दारू? मी लिहिलं, "रोज, वीस वर्षं." त्याने बाकावरून बघितलं आणि म्हणाला, "सोडलीय."

"हो, हो," मी म्हटलं. असं तो शंभर वेळा म्हणाला होता.

पुढची ओळ होती, सध्या घेत असलेली औषधे.

"काही औषध घेतलंस का रे?"

"औषध नाही ताई. तू दिलेली साधीच."

आणि मी, चौतीस वर्षं काउंटरमागे उभी असलेली, पदवी भिंतीवर काचेत लावलेली मी, त्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "काही नाही."

हे मी कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही, पहिल्यांदा लिहिते आहे. तो खोटं बोलला नव्हता. त्याने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण माझ्या कानाला साधी हे औषध वाटलंच नाही.

पिवळे डोळे, वीस वर्षांची दारू, जुने रिपोर्ट. कुणालाही वाटलं असतं तेच त्यांना वाटलं, की दारूमुळे लिव्हरने हात टेकले. सलाइन लावलं, रक्त तपासायला घेतलं. लिव्हरचे आकडे यायला सकाळ होईल म्हणाले.

सकाळी नऊ वाजता लिव्हरच्या डॉक्टर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात रिपोर्ट होता. भावाला त्या म्हणाल्या, "हात पुढे करा. पंजा उभा, समोरच्याला थांब म्हणताना करतो तसा." त्याने केला. पंजा एकदम खाली पडला, वर आला, परत पडला. त्याने तीन-चारदा प्रयत्न केला आणि मग स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला की जणू तो दुसऱ्याचाच आहे.

मला बाहेर घेऊन डॉक्टर म्हणाल्या, "हे आकडे बघा. तुम्ही फार्मासिस्ट आहात ना?"

मी बघितले. लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात जे सांडतं, ते असायला हवं चाळीसच्या आत. ते होतं साडेसात हजार. रक्त गोठायला लागणारा वेळ चौपट झाला होता.

"नुसत्या दारूने हे आकडे तीनशे-चारशेच्या वर सहसा जात नाहीत," त्या म्हणाल्या. "हजारांत गेले म्हणजे दुसरं काहीतरी विष आहे. फॉर्मवर औषधं काही नाही असं लिहिलंय. नक्की काही नाही?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काही नाही हो, फक्त साधी..."

तिथे मी थांबले.

"साधी म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्या आमच्या गल्लीतल्या नव्हत्या.

"पॅरासिटामॉल," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या गोळीचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी एक क्षण डोळे मिटले. मग वळून नर्सला काहीतरी भराभर सांगितलं आणि मला म्हणाल्या, "उतारा लगेच सुरू करते. पण मला कळायला हवं, किती आणि कधीपासून. त्यांना आता नीट सांगता येणार नाही. कुठे काही लिहिलेलं सापडेल?"

रंगाऱ्याला वही नसते. पण माझा भाऊ सगळं भिंतीवर लिहायचा. मापं, रंगाचे नंबर, कुणाचा फोन. "रंगाखाली जाणारच आहे," म्हणायचा. स्वतःच्या खोलीची भिंतही त्याने तशीच ठेवली होती, पेन्सिलीने भरलेली. मी रिक्षा करून तिथे गेले.

खाटेच्या बाजूच्या भिंतीवर, उशीपासून हात पोचेल एवढ्या उंचीवर, नवीन लिहिलेलं होतं. सोम, मंगळ, बुध, गुरू. प्रत्येकापुढे 'सा' आणि आकडा, काही ठिकाणी 'पि' आणि आकडा. सोमवारी सा सहा. मंगळवारी सा आठ, पि दोन. बुधवारी सा दहा, पि तीन. गुरुवारी सा सहा, पि तीन. गुरुवारची अक्षरं वाकडी होती.

मी उभ्याउभ्या बेरीज केली. साध्या तीस. मी आपटल्या तेवढ्याच, दहा-दहाच्या तीन स्ट्रिपा.

आणि पि म्हणजे सर्दीची पिवळी. खाटेखाली तिची रिकामी स्ट्रिप होती. त्या गोळीतही तेवढंच पॅरासिटामॉल असतं. पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण रंग वेगळा असला की माणूस वेगळं औषध समजतो. त्याला अंग तापल्यासारखं वाटलं असेल, नाक गळत असेल, म्हणून त्याने दोन्ही घेतल्या. बुधवारच्या तेरा गोळ्या म्हणजे साडेसहा ग्रॅम. धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. आणि टेबलावरचं पावाचं पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

त्याच्या वर एक चित्र होतं. ते बघायला मला वेळ नव्हता. मी सगळ्या भिंतीचा मोबाइलवर फोटो काढला आणि धावले.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून आकडे उतरवून घेतले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत होतं. कॉलेजात या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क पडले होते.

पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर सरळ वाटेने बाहेर काढतं. थोडासा भाग मात्र दुसऱ्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर त्याचं विष होतं. त्या विषाला निकामी करायला लिव्हर स्वतःजवळ एक साठा ठेवतं, म्हणून आपल्याला कधी काही कळत नाही. रोज पिणाऱ्याची ती दुसरी वाट रुंद होते, विष जास्त तयार होतं, आणि साठा मात्र दारूने आटत जातो. पोटात अन्न नसलं की आणखी आटतो. जोपर्यंत अंगात दारू असते तोपर्यंत ती वाट दारूच्याच कामात अडकलेली असते. दारू थांबली की वाट रिकामी होते, पण रुंद ती काही दिवस रुंदच राहते. तेवढ्या दिवसांत जी गोळी येईल तिचं सगळ्यात जास्त विष होतं.

"त्यांनी पिणं कधी थांबवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबवलेलं नाही हो. तो नुसतं म्हणतो."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मग हे वर काय आहे?"

तेव्हा मी ते चित्र पाहिलं. गोळ्यांची स्ट्रिप काढली होती, बाहेरची चौकट आणि आत दोन ओळींत पाच-पाच गोल. पहिले चार गोल पेन्सिलीने काळे भरलेले, बाकीचे सहा रिकामे. वर लिहिलं होतं, "बंद". आणि खाली, चांगल्या अक्षरात, "दहा झाले की ताईकडे जेवायला."

मी तिथेच बाकावर बसले. सोमवारी त्याला हे सांगायचं होतं. त्या दिवशी त्याचा हात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने माझ्याकडे आला होता आणि मी त्यावर तीन स्ट्रिपा आपटल्या होत्या.

डॉक्टर शेजारी बसल्या. म्हणाल्या, "सोडली हे चुकलं नाही. एकट्याने सोडली हे चुकलं. इतक्या वर्षांची सवय तुटताना अंग असंच कापतं, दुखतं, उलट्या होतात. आमच्याकडे आले असते तर त्यासाठी औषधं आहेत, जीवनसत्त्वं आहेत, खाणं-पिणं बघता येतं."

"तो माझ्याकडे आला होता," मी म्हटलं.

मी विचारलं, "काल मी फॉर्म नीट भरला असता तर?"

"उतारा पहिल्या काही तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. तुम्ही आलात तेव्हाच उशीर झालेला होता."

"पण काल दिला असता तर?"

"आजच्यापेक्षा बरं झालं असतं. किती, ते मला सांगता येणार नाही."

खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उताऱ्याची बाटली लटकत होती, थेंब थेंब पडत होता. तेच औषध कमी मापात, छातीतला कफ पातळ करायला आम्ही देतो. माझ्या दुकानात तिसऱ्या फळीवर त्याचे खोके आहेत. त्या फळीखाली काउंटर, काउंटरवर पत्र्याचा डबा.

रविवारी तो मला ओळखत होता. मी जवळ वाकले तर म्हणाला, "ताई, तू चिडलीस?"

"नाही रे."

"डॉक्टर सारखं विचारतायत, काय घेतलं, काय घेतलं." श्वास घेऊन म्हणाला, "दुसऱ्या कुणी दिली असती तर मी विचारलं असतं, किती घ्यायची. तू दिलीस, म्हणून मोजून भिंतीवर लिहिली फक्त."

दोष देत नव्हता तो. कौतुक करत होता माझं. मी त्याच्या नखांतला पांढरा रंग काढत बसले. तो निघत नव्हता, वर्षांचा होता.

सोमवारपासून तो झोपेतच राहिला. लिव्हर रक्त गाळत नाही तेव्हा रक्तातली घाण डोक्यात चढते. मी डॉक्टरांना म्हटलं, माझं लिव्हर घ्या, अर्धं घ्या, हवं तेवढं घ्या. त्यांनी माझी रक्ततपासणी केलीही. पण माझं वय, त्याचं आधीच कडक झालेलं लिव्हर, आणि मंगळवारी मूत्रपिंडांनी काम थांबवलं, छातीत जंतुसंसर्ग झाला. "एवढं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही," त्या म्हणाल्या. नवी जखम जिथे भरून यायची, तिथे आधीच पुट्टी होती.

बुधवारी दुपारी चार ते पाच भेटायची वेळ होती. मी बोटांवर मोजलं. सोमवार ते गुरुवार चार. शुक्रवार ते बुधवार सहा. मी त्याच्या कानाशी गेले.

"अरे, दहा झाले," मी म्हटलं. "आज दहावा. चल, घरी चल जेवायला. पायरी चढ. मी काही बोलणार नाही."

नर्स म्हणाली, ऐकू येत असेल, बोला तुम्ही. मी पाच वाजेपर्यंत बोलले. जेवायला काय काय आहे ते सांगितलं, आमचे हे वाट बघताहेत म्हणून सांगितलं, सोमवारी गर्दी होती म्हणून सांगितलं. साडेसहाला तो गेला.

दुकान मी आठ दिवसांनी उघडलं. पत्र्याचा डबा काढून टाकला. गोळ्या आता मागच्या फळीवर आहेत, पूर्ण स्ट्रिप, नाव दिसेल अशी. कुणी म्हणतं, "ताई, साधी द्या," तर मी विचारते, कशासाठी, आणखी कुठली गोळी चालू आहे, सर्दीची पिवळी घेतली का, रोज पिता का, हल्लीच सोडलीत का, जेवलात का. लोकांना राग येतो. काही जण पलीकडच्या दुकानात जातात, तिथे दोन मिनिटांत काम होतं. एकजण म्हणाला, "बाई, गोळी मागितली, मुलगी नाही मागितली." जाऊ देत. मी विचारताना तोंडाकडे बघते, हाताकडे बघते.

महिनाअखेरीला मालकीणबाईंनी खोली रिकामी करून मागितली. मी सामान बांधलं. ब्रश त्याच्या जोडीदारांना देऊन टाकले, एक ठेवला. बाई दारात उभ्या राहून भिंती न्याहाळत होत्या. "किती लिहून ठेवलंय हो याने. उद्या रंगवाला येतोय."

खिडकीत त्याची चपटी पेन्सिल पडली होती. मी ती घेऊन खाटेच्या जागी खाली बसले आणि पाचवा गोल भरायला घेतला. हलक्या हाताने, कडेच्या बाहेर जाऊ न देता, त्याने भरले होते तसा.

"अहो, कशाला?" बाई म्हणाल्या. "उद्या रंगाखालीच जायचंय ते."

"जाऊ दे," मी म्हटलं. "पण हे सहाही दिवस तो प्यायलेला नाही. तेवढे भरू द्या."